काचेच्या कोपऱ्यातील येरझारा

कोल्हापूरहून पुण्याच्या दिशेने महामार्गाने निघाले, की पंचगंगेचा पूल ओलांडल्यानंतर पुलाची शिरोली आणि तिच्यापुढे सांगली फाट्याच्या आसपास पसरलेली औद्योगिक वसाहत लागते. येथील बहुतेक कारखाने ओतकामाचे असल्यामुळे भट्टीची धग, मोल्डिंगच्या वाळूचा वास आणि साचा ठोकणाऱ्या यंत्रांचे हादरे यांखेरीज येथे पाहण्यासारखे काही असेल, असे परक्या माणसास सहसा वाटत नाही. परंतु यांपैकी अनेक कारखान्यांच्या कचेरीत, जेथे गिऱ्हाइकाला बसवून चहा दिला जातो तेथे, एक मत्स्यपेटी हमखास असते. अशाच एका कचेरीतील चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशा पेटीतील तीन सिल्व्हर शार्क मासे दिवसभर उजव्या हाताच्या कोपऱ्यात काचेलगत खालीवर आणि मागेपुढे फिरत राहतात, बाकीची पेटी जणू त्यांच्या लेखी नाहीच, अशी तक्रार कानावर आल्यावरून मी तेथे जाऊ लागलो. मासे पाळण्याचा व त्यांच्या दुखण्याखुपण्याचा विचार करण्याचा मला फार वर्षांचा नाद आहे.

अशा तक्रारीवर पहिले काम पाण्याची शहानिशा करण्याचे असते. माशाच्या विष्ठेतून व कल्ल्यांतून निघणारा अमोनिया साठला, तर त्याची कातडी व कल्ले जळजळू लागतात आणि तो अस्वस्थ होऊन काच धरून पळू लागतो. या अमोनियाचा विषारी अंश पाण्याच्या सामूवर फार अवलंबून असतो : सव्वीस अंश उष्णतेच्या पाण्यात सामू 7 असता तो एकूण अमोनियाच्या एक टक्क्याहूनही कमी भरतो, तर सामू 8 झाला की पाच-सहा टक्क्यांपर्यंत चढतो. म्हणजे तपासणीच्या कुपीतील रंग तोच दिसत असूनही एका पेटीतील मासे सुखरूप आणि दुसरीतील संकटात, असे होऊ शकते. येथे मात्र अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य होते आणि सामू साडेसातच्या आगेमागे होता. प्राणवायू कमी पडला असता मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करीत राहिले असते व त्यांच्या कल्ल्यांची झाकणे घाईघाईने हालली असती. हे मासे तर पाण्याच्या मध्यावर होते आणि त्यांचा श्वास संथ होता. अंग खडीवर घासण्याचे, म्हणजे परजीवीच्या उपद्रवाचे, लक्षणही दिसले नाही. पाणी निर्दोष ठरले, आणि खऱ्या तपासाला तेथून आरंभ झाला.

कारखान्याच्या मालकांचा पहिला संशय हादऱ्यांवर होता व तो निराधार म्हणता येणार नाही. माशाच्या दोन्ही अंगांवरून जाणारी पार्श्वरेषा पाण्यातील अतिमंद कंपनेही टिपते, आणि मोल्डिंगचे यंत्र भिंतीपलीकडे चालू असताना पेटीच्या पाण्यावर बारीक वलये उठत असलेली मी स्वतः पाहिली. परंतु साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रे बंद असतात, आणि कचेरीत पाळतीसाठी बसवलेल्या कॅमेऱ्याच्या रोखात ती पेटी पूर्णपणे येते. त्या दिवसाचे चित्रण पाहिले, तर मासे त्याच कोपऱ्यात, त्याच गतीने फिरत होते. हादरे सुटले. पाण्याचा प्रवाह हे दुसरे संभाव्य कारण. नदीचे मासे प्रवाहाकडे तोंड करून पोहतात आणि गाळणीचे पाणी जेथे पडते तेथे रेंगाळतात. गाळणी बंद करून दिवा चालू ठेवला, तरी माशांच्या वागणुकीत काडीचाही फरक पडला नाही. उलट, गाळणी चालू ठेवून दिवा विझवला, तेव्हा मात्र येरझारा स्पष्टपणे कमी झाल्या. वीज गेली की मासे शांत होतात, असे कचेरीतील लोक पूर्वीपासून सांगत होते. पण वीज गेली की दिवा आणि गाळणी दोन्ही एकदम बंद पडतात, त्यामुळे त्या सांगण्यावरून खरे कारण निवडता येत नव्हते. दोन बटणे वेगवेगळी दाबल्यावरच ते निवडता आले.

दिव्याचा संबंध प्रतिबिंबाशी होता. कचेरीची नवी सजावट करताना पेटीच्या उजव्या बाजूस, काचेपासून चार बोटांच्या अंतरावर, गडद तपकिरी रंगाची लाकडी आडभिंत उभी केली होती, आणि माशांचा हा छंद त्यानंतर वाढला, हे मालकांनी आपणहून सांगितले. पेटीच्या आतील बाजूने पाहता काच आणि पाणी यांच्या सीमेवर प्रकाश जवळजवळ परावर्तित होतच नाही. माशाला काच म्हणून दिसते ती तिची हवेला लागलेली बाहेरची बाजू. त्या बाजूवरून सरळ समोर पाहणाऱ्या डोळ्याकडे साधारण चार टक्के प्रकाश परत येतो. बाहेर उजेड असेल, तर हे चार टक्के त्यात लोपून जातात. बाहेर काळोखी भिंत व आत झगझगीत दिवा असेल, तर त्याच चार टक्क्यांचा आरसा होतो. तिरके पाहणाऱ्याची स्थिती तर याहून विलक्षण आहे : लंबापासून सुमारे एकोणपन्नास अंशांहून अधिक तिरक्या दिशेने माशाची दृष्टी काचेवर पडली, की बाहेरचे काहीच दिसत नाही, संपूर्ण परावर्तन होते. म्हणून पुढच्या काचेलगत उजवीकडे चाललेल्या माशाला अंगालगतच्या काचेत तिरके, आणि समोरच्या काचेत सरळ, असे आपलेच रूप दिसत राहते, व कोपऱ्याशी ही दोन्ही रूपे त्याला भेटतात. सिल्व्हर शार्क हा मलाया, सुमात्रा आणि बोर्निओच्या नद्यांतील थव्याने राहणारा मासा. त्याला ते रूप वैऱ्याचे नव्हे, सोबत्याचे वाटत असावे, असे त्याच्या पोहण्यावरून मला वाटले. तो प्रतिबिंबावर धावून जात नव्हता, त्याच्याशी समांतर पोहत होता.

यावर बाजारात मिळणारा काळा चकचकीत कागद चिकटपट्टीने बाहेरून लावण्याचा उपाय तेथे आधीच झाला होता, आणि मासे त्याने अधिकच कोपऱ्याला धरले होते. याचे कारण वरील विवेचनातच आहे. कागद व काच यांमध्ये हवेचा पापुद्रा राहिला, की परावर्तन जेथल्या तेथे राहते, आणि पाठीमागे काळोख आल्याने आरसा उजळतो. कागद काळा नको, फिका व निस्तेज हवा. आणि तो काचेला असा चिकटला पाहिजे, की मध्ये हवेचा लवलेशही उरणार नाही. आम्ही काळा कागद काढून बाहेरच्या काचेवर औषधाच्या दुकानातील ग्लिसरीनचा पातळ थर दिला, त्यावर फिकट करड्या रंगाचा जाड कागद टेकवला आणि मधले बुडबुडे पट्टीने दाबून काठाशी काढून टाकले. एक लहानसा चौकोन मुद्दाम कोरडा ठेवला होता. आतल्या बाजूने तिरके पाहिले, तर त्या चौकोनातच माशाचे रूप चकाकत होते आणि सभोवारची काच मातीच्या भिंतीसारखी निर्जीव दिसत होती. ज्यांना खर्च करायचा नाही, त्यांनी साध्या पाण्याने ओला केलेला कागद चिकटवून तासभर पाहावे. तो वाळेपर्यंत उत्तर मिळून जाते.

प्रतिबिंब गेले, येरझारा कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. उरलेल्या भागाचा एक अंश घड्याळाशी बांधलेला होता. दुपारी साडेअकराच्या सुमारास तिन्ही मासे कोपऱ्यात गर्दी करीत, आणि बाराला कचेरीतील वयस्क शिपाई झाकणाची उजवी फळी उचलून दाणे टाकीत. मी त्यांना म्हटले, "मामा, चार दिवस डावीकडनं टाकून बघा." ते म्हणाले, "टाकतो की. पण साहेब, ती मासं मला वळखत्यात. मी खुर्चीतनं उठलो की हिकडं येत्यात." मामांचे निरीक्षण खोटे नव्हते, कारण मासा माणसाची चाल खरोखरच ओळखू लागतो, परंतु सुट्टीच्या दिवशी, खोलीत कोणीही नसताना, साडेअकराला तीच गर्दी कॅमेऱ्यात दिसते, याचा अर्थ माशांना वेळ आणि जागा दोन्ही ठाऊक होत्या. दाणे डावीकडून पडू लागल्यावर पंधरवड्याच्या आत ती गर्दी डाव्या कोपऱ्यात होऊ लागली आणि खाणे संपताच पांगू लागली. ही उत्कंठा आहे, विकार नव्हे. तिला उपाय करण्याचे कारण नाही.

यानंतर जे उरले, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दिवसाच्या इतर वेळी, दिवा असो वा नसो, मासे लांबीच्या बाजूने जात, उजव्या काचेशी तोंड नेत, डाव्या अंगाला वळत, वीतभर खाली उतरत आणि पुन्हा त्याच रेषेने वर येत. मी पेटीच्या काचेवर पेन्सिलीने खूण करून पाहिली. वळण्याची जागा दोन बोटांपलीकडे सरकत नव्हती. प्रवाह, अन्न किंवा सोबती शोधणाऱ्या प्राण्याचा मार्ग बदलता असतो. ज्याचा मार्ग असा कोरल्यासारखा ठरून जातो, तो काही शोधीत नसतो. हा मासा दुकानात तीन इंचांचा असताना विकला जातो आणि पूर्ण वाढला, की हातभर नसला तरी फूटभराहून मोठा होतो. येथील मासे आठ इंचांवर आले होते. चार फुटांच्या पेटीत त्यांना आपल्या अंगाच्या सहा पट लांबी मिळत होती, आणि दोन्ही टोकांस वळण्यासाठी अंगाएवढी जागा वजा केली, की सरळ धावण्यासाठी चार अंगे उरत होती. नदीत दिवसभर धावणाऱ्या माशाची धाव सुरू होते न होते, तोच काच येते, आणि तो जेथे अडतो तेथेच वळणे गिरवीत राहतो. 2003 साली ऑक्सफर्डच्या रॉस क्लब व जॉर्जिया मेसन यांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले, की मांसभक्षक प्राण्यांमध्ये ज्यांचा रानातील वावर अधिक विस्तीर्ण, ते पिंजऱ्यात अधिक येरझारा घालतात. ते निरीक्षण ध्रुवीय अस्वलांसारख्या प्राण्यांवरील आहे, माशांवरील नव्हे. तथापि त्या पेटीपुढे बसले असता मला त्याची आठवण वारंवार होत असे.

पेटीत वनस्पती लावाव्यात, लाकूड ठेवावे, आडोसे करावेत, असा सल्ला अशा वेळी दिला जातो. लपणाऱ्या माशाला तो लागू पडतो. धावणाऱ्या माशाची आधीच तोकडी असलेली धाव त्याने आणखी आखूड होते. येथे उपाय एकच होता आणि मालकांनी तो मोठ्या मनाने मान्य केला. कोल्हापुरातील त्यांच्या एका स्नेह्याच्या बागेत सिमेंटचा आठ फुटी हौद होता व त्यात याच जातीचे मासे आधीपासून होते. तिन्ही मासे तेथे नेले. कचेरीतील पेटीत दोन-अडीच इंचांचे रोझी बार्ब सोडले, ज्यांना तीच चार फूट लांबी अंगाच्या जवळजवळ वीस पट पडते. ते जेवणाच्या वेळी डाव्या कोपऱ्यात जमतात आणि एरवी सगळीकडे असतात.

हौदातील माशांविषयी मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. पहिल्या दोघांनी थव्यात मिसळून हौदाची पूर्ण लांबी लवकरच वापरावयास घेतली. तिसरा, जो तिघांत मोठा होता आणि त्या कोपऱ्यात सर्वाधिक काळ काढीत असे, तो थव्याबरोबर धावतो. परंतु हौदाच्या टोकाशी थवा वळला, की तो एकटाच मागे राहून डाव्या अंगाला वळतो, वीतभर खाली उतरतो आणि वर येतो, दोनदा-तीनदा, आणि मग थव्यामागे जातो. कारण दूर झाल्यावरही मुरलेली चाल काही काळ टिकते, हे पिंजऱ्यातून मोठ्या आवारात सोडलेल्या प्राण्यांतही आढळते. म्हणून पेटी बदलूनही मासा कोपऱ्यातच फिरतो, यावरून पेटी बदलणे व्यर्थ गेले, असा निष्कर्ष पहिल्या आठवड्यात काढू नये. गेल्या वेळी मी पाहिले, तेव्हा ती वळणे दिवसातून थोडा वेळच, बहुधा सकाळी, दिसत होती.