हरतालिकेच्या संध्याकाळी घर सजवताना

हरतालिकेच्या दिवशी ऑफिसातून सातला घरी पोचणाऱ्यांची संख्या मुंबई-पुण्यात काही कमी नाही. सकाळी गणपती येणार, अकरापासून दर्शनाला माणसं येणार, आणि मखर अजून माळ्यावर. अशा वेळी बहुतेक घरांत सुरुवात होते ती छताला झिरमिळ्या लावण्यापासून. स्टूलवर चढलेला एक आणि खालून ‘डावीकडे, अजून डावीकडे’ म्हणणारे तिघे. यात तास निघून जातो आणि आलेला पाहुणा छताकडे क्वचितच बघतो.

पाहुणा बघतो ते ठरलेलं असतं. दार, चपला काढायची जागा, गणपती, मग जिथे बसतो ती भिंत, आणि हात धुवायला गेला तर बेसिन. डोंबिवलीतलं वन बीएचके घ्या. तिथे पाहुण्याचा सगळा वावर या चार-पाच जागांत संपतो. म्हणून हॉलमधला पसारा टोपल्यांत भरून बेडरूममध्ये सरकवावा आणि दार ओढून घ्यावं. खरं तर हीच पहिली सजावट. शू-रॅकवरची बिलं, टीव्हीखालच्या वायरी, खुर्चीवरचे कपडे गेले की अर्धी खोली आपोआप बरी दिसते.

कामांचा क्रम मात्र दुसऱ्याच गोष्टीवर ठरतो. जे काम केर पाडतं ते आधी आणि जे पायाखाली येतं ते शेवटी. पंखा, ट्यूबलाइट आणि जाळी फुलांच्या आधी पुसायची. मखर मांडल्यावर कुणाला पंख्याची धूळ आठवली, तर ती नेमकी मखरावरच पडते. त्यानंतर दिव्यांच्या माळा. त्या टांगण्याआधी जमिनीवर पसरून लावून बघाव्यात, कारण गेल्या वर्षीच्या माळेचा निम्मा भाग बंद असणं हे नेहमीचंच. प्लगची जागा आणि एक्स्टेन्शन बोर्ड याच वेळी ठरवावा. टेबल मांडून झाल्यावर मागे वायर सरकवणं म्हणजे सगळं पुन्हा हलवणं.

मग येतो पडदा. महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर 2018 मध्ये बंदी आली, त्यानंतर अनेक घरांत साडीची आरास पुन्हा रुळली. घाईच्या यजमानाला ती सोयीचीच आहे. साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद असते. ती आडवी धरून वरच्या काठाला चुण्या घालत गेलं, तर साडेपाच मीटर कापड दीड मीटरच्या जागेत मावतं आणि पडदा भरगच्च दिसतो. साडीची रुंदी हीच पडद्याची उंची होते, त्यामुळे टेबलाच्या पातळीपासून वर मूर्तीची पाठ झाकायला ती पुरते.

लोक फसतात ते टांगण्यात. डिस्टेंपरच्या भिंतीवर चिकटपट्टी लावली की ती रंगाची भुकटी धरते, भिंत नाही. रात्री घट्ट वाटलेला पडदा पहाटे खाली असतो, आणि सोबत रंगाचे पोपडेही. त्यापेक्षा खिडकीचा पडद्याचा दांडा किंवा आधीचे दोन खिळे शोधावेत, त्यांत सुतळी ताणून बांधावी आणि साडी तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवावी. चिमटे दिसू नयेत म्हणून वरून झेंडूची माळ सोडली की झालं. साडी शक्यतो सुती घ्यावी. समई आणि निरांजन कापडापासून हातभर दूर आणि पंख्याच्या झोताबाहेर ठेवावं. सिंथेटिक कापड पेटलं तर वितळून अंगाला चिकटतं. या एका बाबतीत घाई चालत नाही.

फुलांचं काम बसून करायचं आणि ते मुलं हौसेने करतात. तीन फुटी दारासाठी चार फूट दोरा घ्यावा, म्हणजे दोन्ही टोकांना बांधायला जागा उरते. झेंडू आणि दुमडलेलं आंब्याचं पान आलटून पालटून ओवलं, तर पाव किलो फुलांत तोरण सहज होतं. बाजारात फुलांवर पाणी मारलेलं असतं. ती पिशवीत तशीच राहिली तर आतून काळी पडतात, म्हणून घरी येताच वर्तमानपत्रावर पसरावीत. झेंडूचं तोरण रात्रीच बांधलं तरी सकाळी टवटवीत असतं. गुलाब आणि मोगरा मात्र सकाळीच आणलेला बरा.

रांगोळी सगळ्यात शेवटी, तीही मूर्ती येण्याआधी तासभर. रात्री काढली तर दूधवाला आणि पेपरवाला तिच्यावरून जातात. गुळगुळीत टाइलवर ती पसरते आणि पायही घसरतो, त्यामुळे वाटेच्या मध्यावर न काढता उंबरठ्याच्या एका कडेला काढावी.

वेळ हाताशी तासभरच असेल, तर गाळायचा क्रमही ठरलेला असावा. आधी छताच्या झिरमिळ्या जातात, मग खिडक्यांवरच्या माळा, मग सोफ्याची नवी कव्हरं. पसारा हलवणं, साडीचा पडदा, तोरण आणि मूर्तीवर पडणारा एक पिवळसर दिवा एवढं ठेवावं. आणि बेसिनपाशी धुतलेला टॉवेल.