के-मॅपमधली शून्यं : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मिनटर्मवरून मॅक्सटर्मवर जाणं आणि के-मॅपमधल्या शून्यांवरून पीओएस लिहिणं, या दोन्ही गोष्टी डिजिटल टेक्निक्सच्या पेपरात ठरलेले गुण मिळवून देतात. म्हणूनच बहुतेक जण त्या पाठ करतात आणि तिथेच गडबड होते. पाठ केलेला नियम थोडा उलटसुलट झाला तरी उत्तर दिसायला बरोबरच दिसतं. पुढचं सगळं मी एकाच उदाहरणावर तपासणार आहे. सेव्हन सेगमेंट डिस्प्लेची सगळ्यात वरची आडवी पट्टी घेऊ, म्हणजे सेगमेंट a. इनपुट चार बिटांचा बीसीडी अंक, A सगळ्यात मोठं बिट आणि D सगळ्यात लहान. ही पट्टी फक्त १ आणि ४ या अंकांना विझलेली असते, बाकी आठ अंकांना पेटते. १० ते १५ हे इनपुट बीसीडीत येतच नाहीत, म्हणून ते डोन्ट केअर.

```
         CD
AB     00  01  11  10
00      1   0   1   1
01      0   1   1   1
11      x   x   x   x
10      1   1   x   x
```

गैरसमज : Σ चं Π केलं की फंक्शन उलटं होतं.

होत नाही, फंक्शन तेच राहतं, पण ते तसं राहण्यासाठी दोन गोष्टी एकदम बदलाव्या लागतात : चिन्ह आणि यादी. डोन्ट केअर क्षणभर बाजूला ठेवून १० ते १५ ला पट्टी पेटलेली आहे असं धरू. मग मिनटर्मची यादी १ आणि ४ सोडून सगळी, आणि मॅक्सटर्मची यादी फक्त १ आणि ४ :

```
a = Σm(0,2,3,5,6,7,8,9,10,11,12,13,14,15)
a = ΠM(1,4)
```

ही दोन्ही एकाच फंक्शनची नावं आहेत. पहिली ओळ सांगते पट्टी कुठे पेटते, दुसरी सांगते कुठे विझते. सोळा घरांपैकी प्रत्येक घर कुठल्या तरी एकाच यादीत असायला हवं. दोन्ही याद्यांची बेरीज सोळा होत नसेल तर एखादा आकडा सुटलेला आहे किंवा दोनदा आलेला आहे.

फंक्शन उलटतं ते दोहोंपैकी एकच गोष्ट बदलली तर. चिन्ह तेच ठेवून यादी बदलली की Σm(1,4), म्हणजे a'. यादी तीच ठेवून चिन्ह बदललं तरीही a' च. पेपरात सर्वाधिक दिसणारी चूक ही दुसरी आहे : Σ च्या जागी Π लिहिलं, कंसातले आकडे जसेच्या तसे उतरवले. तसा डिस्प्ले बनवला तर पट्टी बरोबर १ आणि ४ ला पेटेल आणि बाकी अंकांना विझेल.

गैरसमज : ज्या चलाची किंमत शून्य, त्याच्यावर बार.

ही सवय मिनटर्मची आहे. मिनटर्म म्हणजे असा गुणाकार जो एकाच घरात १ होतो. घर ४ म्हणजे 0100, तिथे गुणाकार १ व्हायचा तर A, C, D उलटे घ्यावे लागतात : A'BC'D'. मॅक्सटर्मचं काम नेमकं याच्या उलट. ती अशी बेरीज असते जी एकाच घरात ० होते आणि बाकी पंधरा घरांत १. बेरीज शून्य व्हायची तर तिच्यातलं प्रत्येक पद शून्य हवं. घर ४ मध्ये A, C, D आधीच शून्य आहेत, म्हणून ते तसेच राहतात. B तिथे १ आहे, म्हणून बार त्याच्यावर :

```
M4 = A + B' + C + D
M1 = A + B + C + D'
```

डी मॉर्गनचा नियम लावून m4 चं कॉम्प्लिमेंट काढलं तरी M4 च मिळतं. पण परीक्षेत वेळ नसतो. त्यापेक्षा लिहिलेल्या बेरजेत त्याच घराच्या किमती घालून बघा. उत्तर शून्य आलं नाही तर बार चुकीच्या जागी आहे.

गैरसमज : शून्यांचे गट केले की पीओएस आपोआप मिळतो.

गट करणं वेगळं आणि गट वाचणं वेगळं. वरच्या नकाशात घर ४ च्या खालीच घर १२ आहे, आणि ते डोन्ट केअर. दोघांचा मिळून एक गट होतो, ज्यात B=1, C=0, D=0 कायम राहतात आणि A बदलतो. घर १ च्या शेजारी मात्र ०, ३, ५ आणि ९ ही चारही पेटलेली घरं आहेत, त्यामुळे ते एकटंच.

आता हात सवयीने जे लिहितो ते असं :

```
a' = BC'D' + A'B'C'D
```

यात चूक काही नाही, फक्त डावीकडे a' आहे. गट मिनटर्मच्या रीतीने वाचले की पट्टी कधी विझते ते मिळतं. डावीकडे a लिहून मोकळं होणं हीच ती चूक. a हवा असेल तर दोन रस्ते आहेत. वरच्या समीकरणाचं कॉम्प्लिमेंट घ्यायचं, किंवा गट थेट मॅक्सटर्मच्या रीतीने वाचायचे, म्हणजे ० असलेलं चल साधं, १ असलेलं बारसह, आणि मध्ये बेरीज :

```
a = (B' + C + D)(A + B + C + D')
```

दुसरा रस्ता जवळचा. पण a' वाली ओळ वाया गेली असं समजू नका. कॉमन अॅनोड डिस्प्लेमध्ये पट्टी पेटवायला आउटपुट शून्य द्यावं लागतं. ७४४७ या डिकोडरची आउटपुटं अशीच अॅक्टिव्ह लो असतात. तसं सर्किट करायचं असेल तर a' हेच तुमचं उत्तर, आणि ते शून्यांवरून आयतं मिळतं.

गैरसमज : एसओपीत अँड आणि ऑर यांची अदलाबदल केली की पीओएस तयार.

याच नकाशातले एक गटात घेऊन एसओपी काढला तर तो असा येतो :

```
a = A + C + BD + B'D'
```

आता चिन्हांची नुसती अदलाबदल करा : A·C·(B+D)·(B'+D'). यात A आणि C दोन्ही १ हवेत, म्हणजे इनपुट किमान १०. थोडक्यात, शून्य ते नऊ यांपैकी एकाही अंकाला पट्टी पेटणार नाही. या अदलाबदलीतून मिळतं ते ड्युअल, आणि ड्युअल हे सहसा मूळ फंक्शन नसतं. खरा मार्ग वितरणाचा आहे. BD + B'D' म्हणजेच (B+D')(B'+D), आणि A + C त्यात मिसळलं की :

```
a = (A + B + C + D')(A + B' + C + D)
```

नीट पाहा, हे M1 आणि M4 च आहेत. एसओपीतून निघून आपण थेट कॅनॉनिकल रूपावर पोहोचलो.

गैरसमज : एकाच नकाशातून काढलेले एसओपी आणि पीओएस नेहमी सारखेच असतात.

वरचं वितरण करून आलेलं उत्तर आणि शून्यांवरून लिहिलेलं उत्तर शेजारी ठेवा. एका कंसात A आहे, दुसऱ्यात नाही. हिशेब चुकलेला नाही. एसओपी काढताना A या मोठ्या गटासाठी आपण घर १२ ला १ धरलं. पीओएस काढताना ४ ला जोडीदार मिळावा म्हणून त्याच घर १२ ला ० धरलं. 1100 हे इनपुट दिलं तर पहिलं समीकरण १ देतं, दुसरं ०. डोन्ट केअर नसतील तर दोन्ही रूपं प्रत्येक घरात जुळायलाच हवीत. ते असतील तर फक्त ठरलेल्या घरांत जुळतील, उरलेल्यांत जुळतीलच असं नाही.

म्हणूनच पीओएस ताडून पाहायला तो उघडून एसओपी करणं आणि जुन्या एसओपीशी जुळवणं ही पद्धत अशा नकाशात फसवी आहे. जुळलं नाही म्हणून विद्यार्थी बरोबर उत्तर खोडतात. शून्य ते नऊ या दहा किमती घालून पाहणं जास्त भरवशाचं.

याच प्रकारातली आणखी एक चूक म्हणजे रूप बदलताना डोन्ट केअर Π च्या यादीत ढकलणं. "मिनटर्ममध्ये नाही ते मॅक्सटर्ममध्ये" हा नियम डोन्ट केअरला लागू नाही. त्यांची यादी दोन्ही रूपांत तीच राहते :

```
a = Σm(0,2,3,5,6,7,8,9) + d(10,11,12,13,14,15)
a = ΠM(1,4) · d(10,11,12,13,14,15)
```

गैरसमज : शून्यं कमी असतील तर पीओएस स्वस्त.

हा सल्ला कॅनॉनिकल रूपापुरता खरा आहे. तिथे प्रत्येक शून्यामागे एक कंस, म्हणून शून्यं कमी तर लिहिणं कमी. गट करून लहान केलेल्या रूपात मात्र किती शून्यं आहेत यापेक्षा ती कुठे आहेत याला किंमत असते. आपल्या a मध्ये खरी शून्यं दोनच. पीओएसला तीन गेट लागतात आणि गेटची इनपुटं ३, ४ आणि २ मिळून नऊ. एसओपीलाही तीनच गेट, पण इनपुटं २, २ आणि ४, म्हणजे आठ. बार काढायला इन्व्हर्टर दोन्हीकडे दोनच. शून्यं कमी असून एसओपी स्वस्त पडला, कारण घर १ एकटं पडलंय आणि एकट्या घराला चारही चलं लिहावी लागतात.

याउलट डावीकडची खालची उभी पट्टी, सेगमेंट e, घ्या. ती फक्त ०, २, ६ आणि ८ ला पेटते. म्हणजे शून्यं सहा : १, ३, ४, ५, ७, ९. त्यांतले सगळे विषम अंक, खाली ११, १३, १५ सोबत घेऊन, D=1 च्या एका मोठ्या गटात बसतात. उरलेला ४ हा ५, १२ आणि १३ सोबत :

```
e = D'(B' + C)
```

दोन गेट, चार इनपुटं. एसओपी B'D' + CD' येतो, त्याला तीन गेट आणि सहा इनपुटं. शून्यं तिप्पट, तरी पीओएस स्वस्त.

आता पुन्हा a कडे. ७४४७ मध्ये ६ हा आकडा वरच्या पट्टीशिवाय, नुसता काढलेला असतो. आपला ६ तसाच काढायचा ठरवला, तर नकाशात एक शून्य वाढतं आणि ४, ६, १२, १४ असा चारांचा गट तयार होतो :

```
a = (B' + D)(A + B + C + D')
a = A + BD + B'D' + CD
```

पीओएस नऊ इनपुटांवरून आठवर आला. एसओपीतला एकटा C मात्र आता चालत नाही, कारण तो ६ लाही पेटवतो. त्याच्या जागी CD घ्यावा लागतो, एक गेट वाढतं आणि इनपुटं होतात दहा. एक शून्य वाढलं आणि पीओएस स्वस्त झाला.