दरपत्रकाची फाइल की दरांचं पान?

दिवाळीला महिनाभर उरला की घरगुती फराळ करणाऱ्यांची दरपत्रकं फोनवर फिरू लागतात. बहुतेक पीडीएफच असतात: वर पणत्यांची किनार, मध्ये चकली, अनारसे, चिरोट्यांचा तक्ता, खाली फोन नंबर. समजा, पुण्यातल्या एका बाईंनी गेल्या वर्षी चकलीचा दर ५२० रुपये किलो ठेवला होता आणि यंदा तो ५८० केला. नवी फाइल त्यांनी ओळखीच्या सगळ्यांना पाठवली. पण जुनी फाइल कितीतरी फोनांमध्ये तशीच पडून आहे. कुणी ती आत्ता शोधून बहिणीला पाठवते, बहीण न्यू जर्सीतल्या भाचीला पाठवते, आणि भाची पाच किलोचे २,६०० रुपये हिशेब करून मोकळी होते. बाईंच्या हिशेबाने होतात २,९००. आता एक तर ३०० रुपये सोडायचे, नाही तर पहिल्याच ऑर्डरला गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची.

यात कुणाचीच चूक नाही, फाइलचा स्वभावच तसा आहे. पाठवली की तिची स्वतंत्र प्रत समोरच्याकडे जाते आणि तिच्यावर आपला ताबा राहत नाही. मूळ मेसेज ‘सगळ्यांसाठी डिलीट’ केला तरी पुढे गेलेल्या प्रती जागच्या हलत नाहीत. वेबसाइटवरच्या पानाचं तसं नसतं. तिथे पुढे जातो तो फक्त पत्ता. गेल्या वर्षी मिळालेली लिंक भाचीने आज उघडली तरी तिला ५८० च दिसतील. अनारसे संपले असतील तर तेही दिसेल, आणि परदेशी पार्सलची नोंदणी बंद झाली असेल तर तेही. म्हणून सतत बदलणाऱ्या मजकुरासाठी मी नेहमी पानाचाच आग्रह धरते.

दुसरी अडचण फोनच्या पडद्याची. एफोर कागद २१० मिलिमीटर रुंद, आणि हातातल्या फोनचा पडदा साधारण ७०. पूर्ण पान पडद्यावर मावायचं तर अक्षर एक तृतीयांश होतं, म्हणजे छापताना वाचायला सोपं असलेलं १२ पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटचं. मराठीत याचा फटका जास्त बसतो, कारण रेषेवरची मात्रा आणि खालचा उकार आधीच बारीक असतात. मग दोन बोटांनी पान मोठं करायचं. तेव्हा डावीकडे ‘भाजणीची चकली’ दिसते, पण किंमत पडद्याबाहेर उजवीकडे. सरकवत तिथे जावं तर ओळ सुटते आणि खालच्या कडबोळ्यांचा दर चकलीचा समजून वाचला जातो. नीट केलेलं वेबपान पडद्याच्या रुंदीप्रमाणे मजकूर पुन्हा रचतं. अर्थात ‘नीट केलेलं’ हे महत्त्वाचं. पाच रकान्यांचा तक्ता पानावर जसाच्या तसा चिकटवला किंवा दरपत्रकाचा फोटोच टाकला, तर फाइलची सगळी दुखणी पानावर येतात. फोनसाठी प्रत्येक पदार्थ सुटा मांडावा: नाव, त्याखाली वजन, त्याखाली दर.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जास्त खुपते, कारण ती डोळ्यांना दिसतच नाही. अजूनही पुष्कळ मराठी पत्रकं डीटीपीवाल्याकडे कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये तयार होतात. या फाँटमध्ये दिसायला देवनागरी असली तरी आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. कृतिदेवमधली ‘चकली’ संगणकाच्या लेखी `pdyh` असते. कागदावर छापताना काहीच बिघडत नाही. पण तीच फाइल नेटवर ठेवली तर गूगलला तिच्यात चकली सापडत नाही, `pdyh` सापडतं. अंध गिऱ्हाइकाचा फोन ते पत्रक वाचून दाखवायला लागला तर तोही अशीच असंबद्ध अक्षरं बोलतो. काही डीटीपीवाले फाँटची कटकट नको म्हणून छपाईआधी सगळा मजकूर ‘कर्व्हज’ करून टाकतात, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या उरतात. त्यात शोधायला काहीच शिल्लक राहत नाही.

युनिकोडमध्ये टाइप केलं म्हणजे सुटलो, असंही नाही. पीडीएफमध्ये अक्षरं बहुधा दिसण्याच्या क्रमाने ठेवली जातात, आणि ऱ्हस्व वेलांटी तर व्यंजनाच्या आधी दिसते. काही सॉफ्टवेअरांनी बनवलेल्या फाइलीतून ‘चिवडा’ कॉपी केला तर आधी एकटी लोंबणारी वेलांटी येते आणि मग ‘चवडा’. जोडाक्षरं कधी तुटतात, कधी गायबच होतात. हे तपासायला मिनिटभर पुरतं. फाइल उघडून दोन ओळी निवडा, कॉपी करा आणि स्वतःलाच मेसेजमध्ये चिकटवून पाहा. ओळी निवडताच आल्या नाहीत तर आत मजकूर नाही, चित्र आहे. जे चिकटेल तेच इतर यंत्रांना दिसणार. वेबपानावर युनिकोड मजकूर सरळ टाइप केला तर हा प्रश्न सहसा येत नाही.

मग पीडीएफ टाकाऊ आहे का? मुळीच नाही. अडोबीने १९९३ साली ती आणली तीच मुळी एका यंत्रावर मांडलेलं पान दुसऱ्या यंत्रावर आणि कागदावर हुबेहूब तसंच उतरावं म्हणून. जिथे काहीही बदलता कामा नये, तिथे तिच्यासारखी सोय नाही. घर घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. बिल्डरच्या वेबसाइटवरचं पान उद्या बदलू शकतं. आज तिथे दिसणारा पोहण्याचा तलाव पुढच्या महिन्यात गायब झालेला असू शकतो. रेरा कायद्याच्या १२ व्या कलमानुसार जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या मजकुरावर विसंबून आगाऊ रक्कम भरणाऱ्याचं नुकसान झालं, तर त्याला भरपाई मागता येते. पण त्यासाठी काय कबूल केलं होतं ते दाखवता आलं पाहिजे. म्हणून बुकिंग करायच्या आधी माहितीपत्रकाची फाइल मागून घ्यावी आणि ती ज्या ईमेलमधून आली तो ईमेलही जपावा. नुसत्या लिंकवर समाधान मानू नये.

कोटेशनचंही तसंच. एखाद्या कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी फराळाचे २०० डबे मागवले, तर त्या बाईंनी दर, वजन, तारीख आणि मुदत घातलेली पीडीएफच द्यावी, कारण तो दोघांमधला शब्द आहे. सोसायटीचे सेक्रेटरी नोटीस बोर्डावर लावायला यादी मागतात, तेव्हाही एका कागदात बसणारी फाइलच बरी.

व्यवहारात दोन्ही लागतात, फक्त क्रम उलटा हवा. आजकाल आधी देखणी फाइल बनते आणि मग तिची लिंक वेबसाइटवर चिकटवतात. त्याऐवजी दर आधी पानावर लिहावेत आणि छापायची फाइल त्यावरून काढावी. फाइलच्या प्रत्येक पानावर ‘हे दर अमुक तारखेपर्यंत’ आणि चालू दरांच्या पानाचा पत्ता ठळक छापावा, म्हणजे भटकत गेलेली जुनी प्रतही माणसाला ताज्या दरांकडे पाठवते. वेबसाइटवर फाइल ठेवताना दर वर्षी `dar-final-2.pdf` असं नवं नाव देऊ नये. `darpatrak.pdf` या एकाच नावावर नवी फाइल चढवावी, म्हणजे जुन्या लिंका नव्या दरांवरच येतात. लिंकच्या शब्दांतच ‘पीडीएफ, २ पानं, १ एमबी’ असं सांगावं, कारण छपाईसाठी केलेल्या भारी फोटोंची फाइल कधी ३०-४० एमबीची होते आणि कमी रेंजच्या गावात ती उघडता उघडता गिऱ्हाईक कंटाळून दुसरीकडे जातं. आणि दुकानाच्या पाटीवर किंवा डब्यावर क्यूआर कोड छापायचा असेल तर तो फाइलचा नको, पानाचा द्यावा. डबे एकदा छापून आले की त्यांवरचा कोड बदलता येत नाही, त्यामागच्या पानावरचे दर मात्र दर हंगामाला बदलता येतात.