प्रकरण तीन फेऱ्यांत

फ्रेंच राज्यक्रांतीचे प्रकरण वाचताना विद्यार्थ्यांची पेन्सिल हमखास एका वाक्याखाली थांबते: १४ जुलै १७८९ रोजी पॅरिसच्या जमावाने बॅस्तिलचा तुरुंग फोडला. वाक्य ठसठशीत आहे, परीक्षेत तारीखही येते. पण त्या दिवशी बॅस्तिलमध्ये अवघे सात कैदी होते, आणि हे वाक्य गाळले तरी क्रांती का झाली हे समजायला अडत नाही. सारांश फसतो तो इथेच. तीन फेऱ्यांत वाचले, की लक्षवेधी वाक्य कोणते आणि गरजेचे कोणते हे वेगळे दिसू लागते.

पहिल्या फेरीत फक्त मथळे काढायचे, तेही स्वतःचे. 'क्रांतीची कारणे' हे छापील शीर्षक काहीच सांगत नाही. त्याऐवजी 'राजाची तिजोरी रिकामी', 'कराचा बोजा तिसऱ्या वर्गावर', 'सभा मतांवरून अडली', 'राष्ट्रीय सभेची स्थापना', 'राजाचा शिरच्छेद आणि दहशत' असे लिहावे. मथळे पंधरा-वीस झाले, तर आपण परिच्छेदच मोजत बसलो असे समजावे.

खरी मेहनत दुसऱ्या फेरीत आहे. प्रत्येक मथळ्याखाली एकच वाक्य ठेवायचे, आणि ते निवडताना हाताने झाकून पाहायचे: पुढचे कळते का? 'सभा मतांवरून अडली' हा मथळा घ्या. मे १७८९ मध्ये भरलेल्या सभेत तिसऱ्या वर्गाचे सुमारे ६०० प्रतिनिधी होते, धर्मगुरू आणि सरदार यांचे प्रत्येकी सुमारे ३००. पण जुन्या प्रथेप्रमाणे प्रत्येक वर्गाला एकच मत, म्हणजे उरलेले दोन वर्ग एकत्र आले की तिसरा हरणारच. हे झाकले, तर २० जूनला टेनिस कोर्टवर शपथ कशासाठी घेतली याचा पत्ता लागत नाही. म्हणून हे वाक्य राहते. पानभर हायलाइटर फिरवणारे ही परीक्षा घेतच नाहीत.

तिसऱ्या फेरीत पुस्तक मिटून एक ओळ लिहायची. 'अन्यायाविरुद्ध जनतेने उठाव केला' ही ओळ १९१७ च्या रशियालाही चालेल, म्हणून बाद. 'कर भरणाऱ्या वर्गाला निर्णयात बरोबरीचे मत नाकारले, तेव्हा त्याने स्वतःलाच राष्ट्र घोषित केले' ही बरी. आता या ओळीवरून मथळे परत आठवून पाहायचे. पहिले चार जमतात, शेवटचा मात्र निघत नाही. मग ओळ वाढवावी लागते: '...आणि युद्ध व फितुरीच्या भीतीने ती नवी सत्ता स्वतःच्याच नागरिकांवर उलटली.'

भूमितीच्या सिद्धतेवर मात्र ही पद्धत वापरू नये. तिथे कुठलीही पायरी झाकली तरी पुढची कोसळते, त्यामुळे दुसऱ्या फेरीत गाळायला काही उरतच नाही.