गावोगावच्या वेद्या का पाडल्या?

इ.स.पूर्व 622 च्या सुमारास यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी चालली होती. त्या कामाच्या पैशांचा हिशेब बघायला राजाचा चिटणीस शाफान मंदिरात गेला, तेव्हा मुख्य याजक हिल्कीयाने त्याच्या हाती एक ग्रंथ ठेवला. मंदिरात नियमशास्त्र सापडले आहे, असे तो म्हणाला. शाफानने तो यहूदाचा राजा योशीया याला वाचून दाखवला. राजाने अंगावरची वस्त्रे फाडली आणि देवाचा कौल घ्यायला माणसे हुल्दा नावाच्या संदेष्ट्रीकडे पाठवली.

बायबलमधल्या ‘राजे’ या ग्रंथानुसार त्यानंतर झाडाझडती झाली. मंदिरातली अशेराची मूर्ती जाळली गेली. गेबापासून बैर-शेबापर्यंतची गावोगावची पूजास्थाने भ्रष्ट करण्यात आली, बेथेलची वेदीही पाडली. होमबली द्यायचा तो यरुशलेमातच.

सापडलेला ग्रंथ कोणता? जर्मन अभ्यासक द वेट्टे याने 1805 मध्ये त्याची सांगड ‘अनुवाद’ या पुस्तकाशी घातली, आणि बहुतेक अभ्यासक आजही निदान त्याच्या गाभ्यापुरते ते मानतात. कारण ‘निर्गम’मधला जुना नियम ठिकठिकाणी मातीची वेदी बांधू देतो, ‘अनुवाद’ मात्र देवाने निवडलेल्या एकाच जागेचा आग्रह धरतो. तिथे यरुशलेमचे नाव घेतलेले नाही, हे विशेष.

एकच वेदी म्हटली की रोजच्या जगण्यात अडचणी येणारच. जवळच्या वेदीवर बळी द्यायचा आणि त्याचे मांस खायचे, ही जुनी रीत. आता दूरच्या शेतकऱ्याने काय करावे? ‘अनुवाद’ त्याला घरीच जनावर कापू देतो. फक्त रक्त पाण्यासारखे जमिनीवर ओतायचे. धान्याचा दशमांश वाहून नेणे जमत नसेल, तर तो विकून चांदी न्यावी आणि तिथे हवे ते विकत घ्यावे.

याजकांचे कोडे मात्र सुटले नाही. गावाकडचा लेवी आला तर त्याला बरोबरीने सेवा करू द्यावी, असे ग्रंथ सांगतो. पण ‘राजे’ म्हणतो, की पूजास्थानांचे याजक यरुशलेमच्या वेदीवर चढले नाहीत. भावाबंदांत बसून त्यांनी फक्त बेखमीर भाकरी खाल्ली. इथे कायदा आणि कारभार यांचा सांधा जुळत नाही. सगळी कथा कायद्यावरून बेतून लिहिली असती, तर ही विसंगती कोणी ठेवली असती का?

ग्रंथ खरेच जुना होता, की त्याच काळात लिहून ‘सापडवला’ गेला? त्यातली शापांची यादी अश्शूरच्या राजाने इ.स.पूर्व 672 मध्ये मांडलिकांकडून घेतलेल्या निष्ठेच्या करारांशी फार जुळते. त्यामुळे तो बराचसा सातव्या शतकातला असावा, हे मला पटते. अश्शूरची पकड तेव्हा ढिली पडत होती आणि योशीयाला मोकळीक मिळाली होती. मात्र ‘इतिहास’ या ग्रंथात मूर्तिभंजन आधी सुरू होते, पोथी नंतर सापडते.

इ.स.पूर्व 609 मध्ये मगिद्दोजवळ मिसरच्या राजाच्या हातून योशीया मेला. त्यानंतर दोन शतकांनीही नाईलमधल्या एलिफंटाइन बेटावरचे यहुदी आपले उद्ध्वस्त मंदिर पुन्हा बांधू द्या, असे यहूदाच्या सुभेदाराला लिहीत होते. त्यांना पाठिंबा मिळाला. पण उत्तरात उल्लेख फक्त अन्नार्पण आणि धूप यांचाच आहे, पशुबळीचा नाही.