पत्रक छोटं करा, इशारे नाही

शहापूर-मुरबाडच्या भेंडीच्या मळ्यात कीटकनाशकाची बाटली येते, सोबत बारीक अक्षरातलं माहितीपत्रकही येतं. बहुतेक वेळा ते उघडलंच जात नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले. म्हणून पत्रकाचे मोजके टप्पे करून पंपाजवळ लावावेत.

सुरुवातीला पत्रकातला प्रत्येक इशारा लाल पेनाने अधोरेखित करून मोजा. शब्द कापायचे ते वर्णनातले. इशारे शेवटी एकत्र लिहू नका, कारण तिथवर वाचेपर्यंत हात औषधाला लागलेला असतो. ज्या कृतीत धोका आहे, तिथेच तो इशारा हवा. उदाहरणार्थ:

१. हातमोजे, मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. मगच बाटली उघडा.
२. पंपात साधं पाणी भरून पाहा. गळत असेल तर वापरू नका.
३. पत्रकातलीच मात्रा घ्या. काठीने ढवळा, हाताने नाही.
४. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका.
५. पत्रकात सांगितलेले दिवस उलटेपर्यंत भेंडी तोडू नका.
६. साबणाने अंघोळ करा. मळमळ, चक्कर, धूसर दिसणं जाणवलं तर बाटली आणि पत्रक घेऊन लगेच दवाखाना गाठा.

आता नव्या कागदावरचे इशारे मोजा. लाल खुणांपेक्षा एक जरी कमी भरला, तरी कागद भिंतीवर लावू नका. मूळ पत्रकही जपून ठेवा. डॉक्टरांना लागणारा उतारा त्यातच लिहिलेला असतो.