गाजरगवतावरचे भुंगेरे

वणीजवळच्या राजूरला पावसाळ्यात धुऱ्यावर उभं राहिलं, की पऱ्हाटीच्या कडेनं गाजरगवताची दाट रांग दिसते. शेंडे जवळून पाहिले तर काही ठिकाणी पानांच्या जाळ्या झालेल्या असतात आणि त्यात पांढुरक्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेले, जेमतेम अर्धा सेंटीमीटर लांबीचे भुंगेरे सापडतात. पान उलटलं की पिवळसर अंडी, कोवळ्या शेंड्यात अळ्या. हा झायगोग्रामा बायकोलोराटा, मूळचा मेक्सिकोचा.

शेतकऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे पऱ्हाटीवर नाही ना चढत, भाऊ?" नाही चढत. उलट, कपाशीवरचा पिठ्या ढेकूण गाजरगवतावरही वाढतो, त्यामुळे हे गवत कमी झालं तर त्याचा एक आसरा कमी होतो.

पण प्रश्न रास्त आहे, कारण तो एकदा खरोखर उभा राहिला होता. हे भुंगेरे १९८३ मध्ये बंगळुरूला आणले गेले. बऱ्याच पिकांवर उपाशी ठेवून त्यांची परीक्षा झाली आणि मगच १९८४ मध्ये ते मोकळे सोडले गेले. पुढे १९९० च्या सुमारास कर्नाटकात ते सूर्यफुलाची पानं खाताना आढळले. गाजरगवत आणि सूर्यफूल एकाच कुळातले, आणि अमेरिकेत याच प्रजातीसमूहातला एक भुंगेरा सूर्यफुलाची कीड म्हणूनच ओळखला जातो. साहजिकच ओरड झाली, चौकशी समिती बसली, भुंगेरे सोडणं थांबलं.

उत्तर सापडलं परागकणांत. फुललेल्या गाजरगवताचे पराग वाऱ्यानं शेजारच्या सूर्यफुलाच्या पानांवर बसतात. प्रयोगात असे पराग पानांवर टाकले, तेव्हा भुंगेरे ती पानं कुरतडू लागले. शेजारचं गाजरगवत फस्त झालं की उपाशी झुंडी अशा पानांकडे वळतात. मात्र सूर्यफुलावर त्यांची पिढी पुढे चालत नाही. धोका होता, पण तो ठरावीक परिस्थितीपुरता. आधीच्या चाचण्यांत स्वच्छ पानं होती; शेतातली पानं तशी नसतात. माझ्या मते या प्रकरणातून शिकण्यासारखं हेच आहे.

भुंगेऱ्यांची मर्यादाही तितकीच खरी. पावसाळा संपला की ते जमिनीत शिरून झोपतात आणि पुढच्या पावसानंतरच बाहेर येतात. तोवर आधी उगवलेलं गवत फुलून बी टाकून मोकळं झालेलं असतं. एकेका झाडाचं बी हजारोंनी असतं. म्हणून नुसते भुंगेरे सोडून भागत नाही, फुलण्याआधी उपटणं हवंच.

सोडायचे असतील तर ऑगस्टच्या आसपास भरपूर भुंगेरे असलेल्या जागेवरून भोकं पाडलेल्या डब्यात गाजरगवताच्या पाल्यासकट आणावेत आणि एका जागी पाचशे ते हजार सोडावेत. वावरात थोडे थोडे विखुरले तर ते टिकत नाहीत. ती जागा पडीक असावी, नांगर आणि फवारणीपासून दूर, कारण अळ्या मातीतच कोष करतात. शेजारी सूर्यफूल असेल तर आधी त्या बाजूचं फुललेलं गाजरगवत उपटून टाकावं आणि भुंगेरे दुसऱ्या टोकाला सोडावेत.